दसऱ्याला काय होईल?

ए-थ्री आकाराचा एकच कागद. डावीकडे कामांची नावं उभी, वर जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचे आठवडे आडवे आणि मधल्या चौकोनांत पेन्सिलीने रंगवलेल्या पट्ट्या. असे तक्ते बऱ्याच साइटवर भिंतीला चिकटवलेले असतात आणि सहसा कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. साताऱ्यातला हा तक्ता मात्र दोन माणसांनी समोरासमोर बसून, चहा गार होईपर्यंत वाचला होता. मालकाने मागितलेली तारीख जमणार नाही, हे सांगण्यासाठी तो काढलेला होता. ‘नाही’ हा शब्द त्याच्या जोडीला आलेल्या दुसऱ्या कागदावर एकदाच आला होता, अगदी तळाला.

काम साधंच. तळमजला आणि वर एक मजला, प्रत्येकी सुमारे हजार चौरस फूट. मालक बँकेतून निवृत्त झालेले; साइटवर सगळे त्यांना काका म्हणतात. काम घेतलेल्या सिव्हिल इंजिनिअर बाईंना सगळे, काकाही, मॅडम म्हणतात. दोघांनी नाव न छापण्याच्या अटीवर मला कागद दाखवले आणि हिशेबही दाखवला, म्हणून इथेही ते काका आणि मॅडमच राहतील.

१० जून २०२४ला परिस्थिती अशी होती: जोतं झालेलं, तळमजल्याचे कॉलम उभे, पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग सुरू व्हायचं. त्या दिवशी काका साइटवर आले ते तारीख घेऊनच. मुलाचं न्यू जर्सीहून तिकीट निघालं होतं. तो, सून आणि नातू ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणार, दिवाळीआधी परत जाणार. दसरा १२ ऑक्टोबरला. काका म्हणाले, “मॅडम, दसऱ्याला घर पाहिजे. साडेतीन मुहूर्तांतला एक. चार महिने आहेत तुमच्याकडे.”

या वाक्यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: “करू की काका, होऊन जाईल.” ते देणाऱ्या ठेकेदाराला मी दोष देत नाही. काम हातचं जाऊ नये, पुढचा हप्ता अडकू नये, आणि ऑक्टोबर अजून लांब आहे, एवढी तीन कारणं त्याच्याकडे असतात. दुसरं उत्तर असतं, “शक्यच नाही.” ते खरं असलं तरी मालकाच्या हाती काही देत नाही. मग मालक पुढच्या ठेकेदाराकडे जातो आणि तिथे त्याला पहिलं उत्तर मिळतं.

मॅडमनी दोन्ही उत्तरं दिली नाहीत. त्यांनी विचारलं, “काका, दसऱ्याला नेमकं काय करायचंय?”

काका जरा वैतागले. वास्तुशांत, दुसरं काय. मग मॅडमनी विचारलं, पूजेला कोण बसणार? मुलगा आणि सून. जेवायला किती माणसं? दीडशेच्या आसपास, पण जेवण शेजारच्या मंगल कार्यालयात. त्या रात्री घरात झोपणार कोण? इथे काका थांबले. झोपणार कुणीच नव्हतं. भाड्याच्या घराचा करार मार्चपर्यंत होता आणि काकूंना गुडघ्याच्या ऑपरेशनआधी सामान हलवायचंच नव्हतं. म्हणजे तारखेला टांगलेलं होतं ते पूर्ण घर नव्हे. होम करायला एक खोली, देव मांडायला जागा, नैवेद्य शिजवायला ओटा आणि पाहुण्यांसाठी एक चालू बाथरूम. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात जास्त काम या चार प्रश्नांनी केलं. तक्ता नंतर आला.

तक्ता काढताना मॅडमनी सुरुवात स्लॅबखालच्या टेकूंपासून केली, कारण घाई सगळ्यात आधी तिथेच अडते. स्लॅब ओतला की वरून तो दोन दिवसांत दगडासारखा दिसतो. माणसं चालतात, विटा चढवतात. पण खाली प्लेटा आणि टेकू असतात आणि ते असेपर्यंत खालच्या मजल्यावर भिंत बांधता येत नाही. टेकू कधी काढायचे याचे आकडे भारतीय मानक ४५६मध्ये दिलेले आहेत. बांधकामातला प्रत्येक डिप्लोमावाला ते पाठ करून पास झालेला असतो. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवसांनी, त्यापुढे २१. पण आज बाजारात सहज मिळतं ते राख मिसळलेलं पीपीसी, आणि ते ताकद सावकाश धरतं. त्यासाठी ही मुदत वाढवावी लागते. काकांच्या हॉलचा बीम पाच मीटरचा होता. मॅडमनी १४चे २० दिवस धरले.

मग तारखा आपोआप पडत गेल्या. सेंट्रिंग आणि लोखंड बांधणं यात दोन आठवडे, म्हणजे पहिला स्लॅब २४ जूनला. त्यावर वरच्या मजल्याचे कॉलम, पुन्हा सेंट्रिंग, आणि दुसरा स्लॅब २० जुलैला. आता पहिल्या स्लॅबचे २० दिवस १४ जुलैलाच पूर्ण होतात, मग खालचे टेकू तेव्हाच का काढायचे नाहीत? कारण वरचा ओला स्लॅब, त्याच्या प्लेटा, त्यावरची माणसं हे सगळं वजन तेव्हा वरच्या टेकूंमधून याच स्लॅबवर उतरणार असतं. हा स्लॅब घरातल्या माणसांचं आणि फर्निचरचं वजन धरून काढलेला आहे, दुसऱ्या ओल्या स्लॅबचं नव्हे. म्हणून वरचा स्लॅब दहा-बारा दिवसांचा होईपर्यंत खालचे टेकू राहतात. तळमजला मोकळा होतो १ ऑगस्टला. दसऱ्याला बहात्तर दिवस उरलेले, आणि घरात अजून एकही भिंत नाही.

काकांना हे इथपर्यंत पटलं होतं, पण त्यांनी तोवर एका दुसऱ्या ठेकेदारालाही विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, “दसऱ्याला चावी देतो.” काकांनी ते मॅडमना सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, “जरूर द्या त्यांना. फक्त खालचे टेकू कोणत्या तारखेला काढणार आणि पुट्टी कोणत्या तारखेला लावणार, या दोन तारखा त्यांच्याकडून लिहून घ्या.” काकांनी बँकेत तीस वर्षं कर्जाचे कागद तपासलेले. त्यांनी खरंच विचारलं. तारखा मिळाल्या नाहीत. “ते आमच्यावर सोडा” एवढंच मिळालं.

टेकूंची तारीख का विचारायची हे वर आलंच. पुट्टीची का, ते मला साइटवर रंगाऱ्याने दाखवलं. नव्या प्लास्टरवर त्याने एक फूट लांबरुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आतून प्लास्टिकवर बारीक थेंब होते. भिंत हाताला कोरडी लागत होती, रंगही फिकट पडला होता, पण आत पाणी होतं. अशा भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की पाणी बाहेर पडताना त्याला ढकलतं. आधी फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात. पाण्याबरोबर आतले क्षार वर येतात आणि रंगावर पांढरी लव धरते. हे दसऱ्याला दिसत नाही. दसऱ्याला घर झकास दिसतं, फोटोही छान येतात. ते दिसायला लागतं पुढे, मुलगा परत गेल्यावर. प्लास्टरवर सात दिवस पाणी मारायचं आणि मग ते वाळू द्यायचं. उन्हाळ्यात वाळायला तीन-चार आठवडे पुरतात, पावसाळ्यात त्याहून जास्त लागतात, कारण हवाच ओली असते आणि बाहेरचं प्लास्टर झालेलं नसेल तर विटांमधून पाऊस आत येतच राहतो.

आता तक्ता. मॅडमनी पट्ट्यांच्या उजव्या बाजूला तीन रकाने काढले होते: ‘कधी’, ‘काय तयार असेल’, ‘काय नसेल’. तिसरा रकाना बहुतेक ठेकेदार काढत नाहीत, आणि मालकाला खरी माहिती त्याच रकान्यात मिळते.

पहिल्या ओळीत दसरा, १२ ऑक्टोबर. तयार असेल: तळमजल्याच्या विटांच्या भिंती, आतलं प्लास्टर, हॉल, देवघर आणि स्वयंपाकघराची फरशी, ओटा, एक बाथरूम, मुख्य दार. नसेल: पुट्टी आणि रंग (भिंतींना फक्त चुना), बेडरूमची फरशी, बाहेरचं प्लास्टर, वरच्या मजल्यावर विटांपलीकडे काहीही. वीज तात्पुरत्या जोडणीची. दुसऱ्या ओळीत १५ फेब्रुवारी २०२५: दोन्ही मजले, रंगासकट, राहायला तयार. मधे दिवाळीची वेगळी ओळ होती आणि तिच्यापुढे तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘२८ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर काम बंद.’ टाइल्सचं काम करणारी टोळी बिहारची, ती छठपूजा करूनच परत येते. ७ नोव्हेंबरची छठ धरली नाही तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा नुसता कागदावरच काम करतो, असं मॅडम म्हणाल्या. गणपतीचे चार दिवस गवंड्यांसाठी सोडलेले होतेच.

काकांनी तक्ता वाचला आणि अपेक्षित प्रश्न विचारला. “पैसे वाढवले तर?”

मॅडम त्यावर लगेच काही बोलल्या नाहीत. दोन दिवस मागून घेतले आणि दुसरा कागद आणला. त्यावर दोन पर्याय होते, आणि प्रत्येकापुढे काय बदलेल ते लिहिलेलं होतं.

पहिला पर्याय पैसे ओतण्याचा. सेंट्रिंगच्या प्लेटांचा दुसरा संच भाड्याने आणायचा, म्हणजे वरच्या स्लॅबसाठी खालच्या प्लेटांची वाट पाहावी लागत नाही. गवंड्यांच्या दोन टोळ्या. विटांऐवजी मोठे हलके ब्लॉक, त्यांत सांधे कमी म्हणून भिंती लवकर चढतात. कॉंक्रीटचा माल एक दर्जा वरचा घालायचा, ओतताना सहा इंची ठोकळे भरून ठेवायचे आणि सातव्या दिवशी प्रयोगशाळेत दाबून पाहायचे; ताकद पुरेशी निघाली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर टेकू थोडे आधी काढायला लेखी परवानगी देऊ शकतो. आणि आत सिमेंटच्या प्लास्टरऐवजी जिप्सम, ज्याला पाणी मारावं लागत नाही आणि जे काही दिवसांत वाळतं.

हे ऐकताना वाटतं, मग झालंच की. पण जिप्समला ओल अजिबात चालत नाही. बाहेरचं प्लास्टर झाल्याशिवाय आत जिप्सम लावलं तर साताऱ्याचा पाऊस भिंतीतून येऊन ते खराब करणार. बाहेरचं प्लास्टर करायला परांची बांधून पावसाची उघडीप मिळायला हवी, आणि ती भरवशाने सप्टेंबरच्या शेवटाशिवाय मिळत नाही. म्हणजे सगळ्यात वेगवान सामान सगळ्यात उशिरा वापरता येणार. या पर्यायाचा हिशेब साडेतीन लाख जास्त, आणि पूर्ण घर १५ डिसेंबरला. फेब्रुवारीपेक्षा दोन महिने आधी, पण दसऱ्याला नव्हेच. दसऱ्याची ओळ या पर्यायातही जवळपास तशीच राहत होती. फक्त एका बेडरूमची फरशी वाढत होती.

दुसरा पर्याय काम कमी करण्याचा, आणि माझ्या मते तोच जास्त मजेदार होता. वरचा मजला यंदा सोडून द्यायचा. पहिला स्लॅब २४ जूनला पडला की वर काहीच चढणार नसल्यामुळे टेकू वीस दिवसांनी सरळ निघतात. १६ जुलैपासून भिंती, ऑगस्टच्या मध्यात आतलं प्लास्टर, सप्टेंबरमध्ये फरशी, आणि दसऱ्याला तळमजल्यावर राहता येण्यासारखं घर, रंगाच्या एका हातासकट. तारीख जमत होती. मग बदलत काय होतं? वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया स्लॅबमधून वर काढून ठेवाव्या लागणार. त्या गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचा लेप देऊन हलक्या मालात झाकायच्या, आणि तरी सळई आणि स्लॅब यांच्या सांध्यातून पाणी झिरपणार, कारण पहिल्या पावसात तो स्लॅब हेच छप्पर असणार. जिन्याच्या तोंडावर पत्रा टाकायचा. आणि पुढच्या वर्षी वरचा मजला चढवताना खाली माणसं राहत असणार: डोक्यावर सेंट्रिंगचे ठोके, सिमेंटची धूळ, नव्या रंगावरून उतरणारं स्लॅबचं पाणी. सेंट्रिंगचं सामान, मिक्सर आणि टोळी पुन्हा आणण्याचा खर्च सव्वादोन लाखांच्या आसपास.

आणि या दोन पर्यायांखाली ती ओळ होती: ‘दसऱ्याला दोन्ही मजले, पूर्ण, रंगासकट: कोणत्याही खर्चात नाही.’

हे वाक्य एकटं आलं असतं तर काका उठून गेले असते, असं ते स्वतःच मला म्हणाले. आधी तीन रस्ते दिसले, प्रत्येकाची किंमत दिसली, आणि मग चौथा बंद असल्याची पाटी आली, म्हणून राग आला नाही. “मला ठरवायला दिलं होतं ना काहीतरी,” असं ते म्हणाले. मला वाटतं, मॅडमच्या कागदात हिशेबाइतकीच ही गोष्टही पक्की होती: तारखेचा निर्णय मालकाचा, पण तो कशाच्या बदल्यात घेतोय हे त्याच्या डोळ्यांसमोर.

मालक सरकार असलं तरी हे गणित बदलत नाही. सिडनीचं ऑपेरा हाउस हे त्याचं गाजलेलं उदाहरण. १९५७मध्ये डेन्मार्कच्या योर्न उत्झन यांचा आराखडा निवडला गेला आणि न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे प्रीमियर जोसेफ केहिल यांना काम लवकर सुरू झालेलं हवं होतं, म्हणून मार्च १९५९मध्ये पायथ्याचं काम सुरू झालं. वरची कवचं कशी उभी राहणार हे तेव्हा ठरलेलंच नव्हतं. ठरलं तेव्हा लक्षात आलं की खालचे कॉलम ते वजन पेलणार नाहीत. ते पुन्हा मजबूत करून बांधावे लागले. १९६३मध्ये व्हायची इमारत १९७३मध्ये उघडली आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. उशिराची कारणं अनेक होती, पण सुरुवातीची घाई त्यांतली एक होती, आणि तेव्हा ‘आत्ता सुरू केलं तर पुढे काय बदलेल’ असा रकाना कुणाच्या कागदावर नव्हता.

काकांनी तिसरा रस्ता निवडला नाही, दुसराही नाही. त्यांनी मूळ तक्ताच घेतला, म्हणजे दसऱ्याला चुन्याच्या भिंतींत वास्तुशांत आणि फेब्रुवारीत राहायला. फक्त एक अट घातली. पूजेच्या दिवशी सुनेच्या माहेरची माणसं येणार, तेव्हा बाथरूम चालू हवं म्हणजे हवंच. मॅडमनी ते कागदावर लिहिलं आणि त्याच ओळीत काकांच्या नावावर दोन तारखा टाकल्या: फरशी २० ऑगस्टपर्यंत निवडायची, बाथरूमच्या टाइल्स आणि नळ २५ ऑगस्टपर्यंत. खाली एक टीप: या तारखा जितके दिवस पुढे जातील, तितकेच दिवस त्या ओळीची तारीख पुढे जाईल. दोघांनी सह्या केल्या.

ही टीप फार कामाची आहे. उशीर झाला की ठेकेदाराला सगळे विचारतात, पण घराच्या कामात बरेच दिवस मालकाच्या दारात खर्च होतात. टाइल्सच्या दुकानात तीन रविवार जातात, काकूंना पांढरी हवी असते आणि मुलाला राखाडी, न्यू जर्सीतून व्हॉट्सॲपवर फोटो येतात. बाथरूमचा नळ कोणता हे ठरल्याशिवाय भिंतीतल्या पाइपाची जागा ठरत नाही, पाइप बसल्याशिवाय प्लास्टर नाही, वॉटरप्रूफिंग नाही, आणि वॉटरप्रूफिंग केल्यावर बाथरूममध्ये दोन दिवस पाणी साठवून खालची बाजू पाहिल्याशिवाय टाइल लावायची नाही. एका नळामागे एवढी रांग असते.

मग जुलै आला. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रात धो धो पाऊस झाला. २५ जुलैला पुण्यात घरांत पाणी शिरलं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. साताऱ्यात दुसऱ्या स्लॅबचं लोखंड बांधून तयार होतं, पण ओतायला उघडीप मिळेना. २०चा स्लॅब २७ जुलैला पडला. सात दिवस गेले.

इथे बहुतेक तक्ते भिंतीवरून उतरतात. मॅडमनी स्लॅब पडला त्याच रात्री नवा कागद पाठवला. जुनी पट्टी पुसली नव्हती. तिच्याखाली लाल पेन्सिलीने नवी पट्टी होती, म्हणजे कुठे काय सरकलं ते दिसत होतं. दसऱ्याची तारीख हलवायची नव्हती, म्हणून त्या ओळीतून काहीतरी खाली उतरवणं भाग होतं. मॅडमनी दोन गोष्टी सुचवल्या: एकतर स्वयंपाकघराची फरशी राहू दे, ओटा होईल, खाली कोबा असेल, नाहीतर बाथरूमच्या भिंतीच्या टाइल्स राहू देत, फक्त जमिनीची फरशी आणि भांडं बसेल. काकांनी फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, स्वयंपाकघराची फरशी राहू दे, नैवेद्य कोब्यावर उभं राहून पण करता येतो. जूनमध्ये जे काका चार महिन्यांत सगळं घर मागत होते, त्यांना ऑगस्टच्या तोंडावर हा निर्णय एवढा सोपा गेला, कारण तोवर घर त्यांच्या डोक्यात तारखांच्या तुकड्यांत मांडलेलं होतं.

वास्तुशांत १२ ऑक्टोबरला झाली. फोटोंत भिंती पांढऱ्या आहेत आणि हॉलच्या एका कोपऱ्यात ओलीचा नकाशा उमटलेला आहे. फोटोग्राफरने तो टाळायचा प्रयत्न केलेला दिसतो. बाथरूम चालू होतं. पूर्ण घर १५ फेब्रुवारीला नव्हे, २६ फेब्रुवारीला मिळालं. अकरा दिवस वरच्या मजल्याच्या टाइल्सच्या निवडीत गेले होते आणि ती तारीख काकांनीच, स्वतःच्या हाताने, कागदावर दुरुस्त केली होती.

म्हणून हा कागद नेहमी काम मिळवून देतो असं नाही. त्याच जूनमध्ये मॅडमनी शहरात आणखी एका मालकाला असाच तक्ता दिला होता. एकच मजला, दिवाळीला हवा होता, तक्त्यात डिसेंबर निघत होता. मालकाने काम दुसऱ्याला दिलं, ज्याने दिवाळी कबूल केली होती. मी मॅडमना विचारलं, त्या घराचं पुढे काय झालं? मला अर्थातच टेकू लवकर काढल्याची, पापुद्रे सुटल्याची काहीतरी गोष्ट ऐकायची होती.

“झालं की दिवाळीला,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन पाहिलं. बीमला काही नाही, रंगही ठीक आहे.” त्या ठेकेदाराकडे प्लेटांचे दोन संच स्वतःचे होते आणि एक रिकामी टोळी होती. मॅडमचा संच तेव्हा काकांच्या स्लॅबखाली अडकलेला, त्यामुळे त्यांच्या हिशेबात हा स्लॅब ऑगस्टमध्ये पडत होता. त्याने १८ जूनला टाकला. टेकू वीस दिवसांनीच काढले. मॅडमच्या तक्त्यातले कॉंक्रीटचे आकडे बरोबर होते, दिवाळी जमत नव्हती ती त्यांच्याजवळच्या सामानाला आणि माणसांना. आणि त्या तक्त्यात ‘काय बदललं तर तारीख बदलेल’ असा एक रकानाही होता, त्यात त्यांनी तेव्हा प्लेटांच्या दुसऱ्या संचाचं भाडं लिहिलंच नव्हतं, कारण एका मजल्यासाठी तो मालक एवढा खर्च करेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता तो रकाना त्या भरतात, मालक करेल असं वाटो न वाटो. आणि नंतर त्यांनी दुसरा संच विकत घेतला.